दोन कार्डांची चार तिकिटं

आमच्या घरी थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाही. भांडण नाही, राग नाही, रीत आहे. माझे थोरले दीर सोमेश्वर, त्यांना सगळे दादा म्हणतात. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं, पण तोवर त्यांनी मला एकदाही हाक मारलेली नव्हती. चहा हवा असेल तर जावेला, म्हणजे शालूताईला सांगतात, "लहानीला सांग, चहा टाक." लहानी म्हणजे मी, वंदना. मी तिथंच, चार हातांवर उभी असते. शालूताई माझ्याकडे वळून म्हणते, "चहा टाक." जणू मी बहिरीच आहे.

चहापुरतं हे चालून जातं. हिशोबात मात्र चालत नाही, आणि ते आम्हाला गाण्याच्या तिकिटांनी शिकवलं.

झालं असं की संभाजीनगरला जुन्या गाण्यांचा मोठा कार्यक्रम होता. माझ्या सासूबाई उषाबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या रेडिओवरची गाणी गुणगुणतच भाकऱ्या थापतात. आयुष्यात एकदा तरी गाणाऱ्याला समोर बसून ऐकायचं, एवढी त्यांची हौस. दादांनी मान हलवली. आत्याबाई, दादा, शालूताई आणि मी, अशी चार तिकिटं ठरली. माझा नवरा आदिनाथ म्हणाला, "मला गाण्यात झोप लागती. दुकान मी सांभाळतो." नवीन जालन्यात आमचं बी-बियाण्याचं दुकान आहे, ते तो आणि दादा मिळून चालवतात.

तिकीट पंधराशेचं, टॅक्स वेगळा. मोबाईलवर बुक करायचं काम माझ्याकडं आलं, कारण दसऱ्यापासून घरखर्चाचा व्यवहार आत्याबाईंनी माझ्या हातात दिला होता. किराणा, दूध, गॅस, लाईटबिल, सगळं माझ्या फोनवरून. त्या दिवशी माझी मान किती ताठ झाली होती, ते मलाच ठाऊक. माहेरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली होती, "एक रुपया इकडचा तिकडं होऊ देऊ नकोस. नाव जायला एक दिवस पुरतो." हे मी विसरले नव्हते.

बुक करताना एक कोड दिसला. अमुक बँकेचं कार्ड असेल तर तिकिटाच्या किमतीवर वीस टक्के सूट, पण जास्तीत जास्त सहाशे रुपये, आणि एका कार्डावर एकदाच. मी बोटं मोजली. चार तिकिटं एकदम घेतली तर सहा हजारांवर बाराशे सुटायला हवेत, पण सुटणार सहाशेच. दोन-दोन करून दोन कार्डांवर घेतली तर दोन्हीकडं सहाशे, आणि वाढलेल्या सुटीवरचा टॅक्सही वाचणार. त्या बँकेचं कार्ड घरात दोघांकडंच, माझ्याकडं आणि दादांकडं.

मी शालूताईला नीट समजावलं. "दादांना सांगा, दोन कार्डं वापरली तर सातशे रुपये वाचतील." ती हॉलमध्ये गेली आणि तिनं काय सांगितलं ते मी दाराआडून ऐकलं. "लहानी तुमचं कार्ड मागून राह्यली."

"कार्ड? कशाला?"

"तिकिटाला."

"तिच्याकडं न्हाई का? कार्डाचा नंबर कोणाला द्यायचा न्हाई. रोज पेपरात फसवणुकीचं येतंय."

शालूताई परत आली. "न्हाई म्हणतेत. तुझ्यावरच कर." मी पुन्हा पाठवणार होते, पण हव्या त्या रांगेतल्या जागा भरत चालल्या म्हणून आत्याबाई घाई करत होत्या. मी माझ्या कार्डावर चार काढली. एकूण सहा हजार सातशे सव्वीस. दादांनी सात हजार पाठवले होते, वरचे दोनशे चौऱ्याहत्तर मी शालूताईच्या हातात ठेवले. प्रकरण संपलं, असं मला वाटलं.

दोन दिवसांनी शेजारचे पाइपवाले राधेश्याम दुकानात चहाला आले. त्यांनी त्याच कार्यक्रमाची, त्याच दराची दोन तिकिटं काढली होती, स्वतःची आणि बायकोची. ते खुशीत म्हणाले, "पंधराशेचं तिकीट पंधराशेलाच पडलं हो! टॅक्स, फी, सगळं त्या कोडात निघालं. दोघांचे तीन हजार नऊ."

एवढंच. पण दादांच्या डोक्यात आकडे फिरले. दोघांचे तीन हजार नऊ, तर चौघांचे सहा हजार अठरा. लहानीनं घेतले सहा हजार सातशे सव्वीस. सातशे आठ रुपये गेले कुठं?

हे मला आदिनाथनं संध्याकाळी सांगितलं, तेही नजर चोरत. "दादा म्हणत होते, बियाण्याच्या कंपन्या डीलरला स्कीम देतेत ना, गिऱ्हाइकाला न्हाई सांगत. तशी कोडाची स्कीम बुक करणाऱ्याला मिळत असंल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणू? मला कोडातलं काय कळतं?"

नवरा असावा तर असा! सख्ख्या बायकोवर आळ आला आणि हा म्हणतो, मला कळत नाही. त्या रात्री मी त्याला भाजी वाढलीच नाही, ठेचा आणि भाकरी खाऊन उठला.

मग घरात एक वेगळंच वारं सुटलं. तोंडावर कुणी काही बोलेना. किराण्याचे पैसे माझ्या हातात न येता शालूताईकडून येऊ लागले. ते द्यायच्या आधी ती विचारायची, "साखर खरंच संपली का?" दूधवाल्याला दादांनी म्हणे परस्पर विचारलं, रोज किती लिटर टाकतोस. डबा उघडून बघावा तसं सगळे मला उघडून बघत होते. मी बिल शालूताईच्या पुढं धरलं, तर दादांचा निरोप आला, "मोबाईलवर काय बी लिहिता येतं." खतं-औषधांच्या धंद्यात एक खरं, एक दाखवायचं अशी दोन-दोन बिलं बघितलेला माणूस, त्याला बिल दाखवून काय उपयोग! मला रडू आलं, पण रडले असते तर तोही पुरावाच झाला असता.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी मी ठरवलं, आता बस. सगळे हॉलमध्ये बसले होते. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत्याबाईंच्या समोर जाऊन उभी राहिले.

"आत्याबाई, दादांना म्हणावं, माझं बिल खोटं असंल तर स्वतःच्या हातानं बनवून बघा. तिकिटं अजून शिल्लक आहेत."

दादा भिंतीकडं बघून म्हणाले, "शालू, तिला सांग, उगाच वाद नको."

"वाद नको तर किराणा का शालूताईकडं गेला?" मी म्हणाले. थेट नाही, आत्याबाईंकडंच बघत. पण आवाज माझा होता आणि तो सगळ्यांनी ऐकला.

आत्याबाई म्हणाल्या, "सोमेश्वर, काढ तो फोन. माझ्या गाण्यापायी पोरीवर आळ येतोय, ते मला न्हाई चालत."

दादांनी फोन काढला. मी दोन पावलं लांब उभी राहून सांगत गेले, ते दाबत गेले. चार जागा निवडा. आता कार्ड टाका. ते थबकले. "पैसे कटले तर?"

"ओटीपी टाकल्याबिगर कटत न्हाईत," आदिनाथ म्हणाला. तोंड उघडलं एकदाचं!

दादांनी पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून कार्ड काढलं आणि आमच्याकडं पाठ करून, तळहातानं झाकत नंबर टाकला. स्वतःच्या आईपासूनही झाकला. मग कोड टाकला. पडद्यावर जे आलं ते आदिनाथनं मोठ्यानं वाचलं. तिकिटं सहा हजार. सूट वजा सहाशे. उरलेल्या चोपन्नशेवर अठरा टक्के टॅक्स, नऊशे बहात्तर. सेवा शुल्क एका तिकिटाला पंचाहत्तर, म्हणजे तीनशे. त्या शुल्कावर आणखी टॅक्स, चोपन्न. एकूण सहा हजार सातशे सव्वीस.

"बियाण्यावर टॅक्स न्हाई, गाण्यावर कसा?" दादा पुटपुटले.

"पाचशेपर्यंतच्या तिकिटाला नसतो," मी आत्याबाईंना सांगितलं. "हे पंधराशेचं आहे. आता दोन जागा कमी करायला सांगा."

दादांनी दोन जागा कमी केल्या. तिकिटं तीन हजार, सूट तीच सहाशे. चोवीसशेवर टॅक्स चारशे बत्तीस. शुल्क दीडशे, त्यावर सत्तावीस. एकूण तीन हजार नऊ. राधेश्यामांचा आकडा, रुपयाचाही फरक नाही.

 दादांनी पुन्हा चार जागा केल्या, पुन्हा दोन केल्या. फोन त्यांचा, कार्ड त्यांचं, बोट त्यांचं. संशय घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

"म्हणजे दोन येळा दोन-दोन काढली असती तर..." ते म्हणाले, आणि मग त्यांच्या तोंडून सरळ निघून गेलं, माझ्याकडं बघून, "हे मला आधी का न्हाई सांगितलं?"

दीड वर्षातलं पहिलं वाक्य, आणि तेही जाब विचारणारं.

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "एका कार्डावर एकदाच सूट होती, म्हणून तर तुमचं कार्ड मागितलं होतं."

दादांनी शालूताईकडं बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मला वाटलं, कार्ड मागितलं एवढं सांगितलं की झालं. सातशेचं ध्यानातून गेलं."

"सातशे आठ," आत्याबाई म्हणाल्या. "आणि सोमेश्वर, तुला स्कीम खायची सवय म्हणून सगळेच तुला खाणारे दिसतेत का? आपल्यावरून जग ओळखतोस व्हय रे?"

 काढलेली तिकिटं परत होत नव्हती, त्यामुळं सातशे आठ रुपये गेले ते गेलेच. ते मी घेतले नव्हते, एवढंच सिद्ध झालं होतं. मला वाटलं होतं, मन हलकं होईल. झालं नाही. उलट राग तेव्हा जास्त आला, कारण आता तो काढायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी गाडी निघायच्या आधी दादा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आले. शालूताई ओट्यापाशीच होती, पण त्यांनी तिला हाक मारली नाही. महिन्याच्या किराण्याचे पैसे त्यांनी माझ्यासमोर धरले.

"वंदना, हे घे. बराबर हायेत. मोजायची गरज न्हाई."

माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.  मी दोन्ही हातांनी पैसे घेतले. आणि त्यांच्या समोर, एकेक नोट करून, सगळे मोजले.