पाटलीणबाईंनी गाळलेली दोन पानं

शारदाबाईंनी माझ्या परीक्षणावर लाल पेन्सिल फिरवली आणि माझं डोकंच फिरलं. इंदूरच्या आमच्या मुलींच्या शाळेत गॅदरिंग बसवणाऱ्याही त्याच आणि मासिक काढणाऱ्याही त्याच. म्हणजे नाटक त्यांचं आणि परीक्षणही त्यांचंच! वा रे वा!

नाटक लिहिलं होतं माझ्या वर्गातल्या अंबिकाने. ती जवळच्या बेटमा गावची, इथे मामाकडे राहून शिकते. गावची विहीर एका घराला बंद करणारी पाटलीणबाई शेवटी स्वतःच ती उघडते, अशी गोष्ट. दुसऱ्या अंकात ती संध्याकाळी विहिरीवर येते, चक्कर येऊन बसते, आणि ज्या म्हातारीचं पाणी तिने तोडलं तीच तिला पाणी पाजते. सगळं नाटक या प्रसंगावर उभं होतं.

आणि तोच झाला नाही! पाटलीण झालेली यशोधरा एकदम दोन पानं पुढे गेली. म्हातारीचं काम करणारी रमा केसांना पीठ लावून विंगेत उभी, तशीच उभी राहिली बिचारी. आतून सांगणारी उषा घसा फोडून मागचं वाक्य सांगत होती, पण यशोधरेचं लक्षच नाही. तिसऱ्या अंकात पाटलीणबाईंना एकाएकी दया आली, आणि घरी जाताना जो तो म्हणाला, पोरीने काय फालतू नाटक लिहिलंय!

अंबिका म्हणाली, "आता मी लिहिणार नाही." शारदाबाईंनीही सांगून टाकलं, पुढच्या साली पुण्याहून छापील नाटक मागवू, मुलींचं नको. आधी मासिकात परीक्षण येऊ द्या, असं मोठ्या बाई म्हणाल्या म्हणून गोष्ट अडली होती.

मी तालमी पाहिल्या होत्या, तरी संहिता मागून पुन्हा वाचली. मग लिहिलं. मांडणी: गोणपाट आणि मातीची विहीर छान; आतून येणारा रहाटाचा आवाज खरा वाटला; पण दिवे पायाशी असल्यामुळे चेहऱ्यांवर सावल्या पडल्या. अभिनय: यशोधरेची चाल, तोरा, आवाज उत्तम, विहीर बंद करताना तिने सभागृह गप्प केलं, मात्र दोन पानं गाळल्याने पुढचा बदल कळला नाही, हा दोष लेखिकेचा नाही. संहिता: संवाद जिवंत; पण "घागर खाली ठेव" हे वाक्य दोन प्रसंगांत जसंच्या तसं आल्याने नटीची गल्लत होणं सोपं; तिसरा अंक लांबला.

बाईंनी 'मात्र'पासूनचं वाक्य खोडलं. बाकी सगळं ठेवलं, अंबिकेच्या चुकांसकट!

"बाई, हा सरळ अन्याय आहे," मी म्हणाले.

"यशोधरेच्या वडिलांनी पडदे दिलेत, कुमुदिनी. आणि पोर विसरली, त्यात काय एवढं?"

"काही नाही ना? मग छापा! नाहीतर माझं नाव काढा."

"काढते. मीच लिहीन," बाई शांतपणे म्हणाल्या. त्या शांतपणाचा तर मला जास्तच संताप आला. परीक्षणाचा कागद उचलून तरातरा बाहेर आले, तर व्हरांड्यात यशोधराच उभी. सगळं ऐकलेलं.

"मी पानं गाळली असं लिहिलंस?"

"लिहिलं. काय करशील?"

"आणि विहीर बंद करतानाचं? ते खरंच चांगलं झालं, की पडद्यांसाठी लिहिलंस?"

"पडदे गेले चुलीत! झालं म्हणून लिहिलं."

तिने माझ्या हातातला कागद हिसकावला आणि ती थेट आत गेली. "बाई, हे सगळं छापा. नाहीतर माझं कौतुकही काढा. सगळ्या मुलींना ठाऊक आहे मी काय केलं ते; मला हसतील हो!" बाई लालबुंद झाल्या. पण पडदेवाल्यांच्याच मुलीला नाही कसं म्हणणार?

अक्षरन् अक्षर छापून आलं. मोठ्या बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, न झालेला प्रसंग पुढच्या साली बघायचाय, हेच नाटक पुन्हा करा.

मी मासिक घेऊन धावत अंबिकेकडे गेले. वाटलं, गळ्यात पडेल. कसलं काय! तिने वाचलं आणि भडकलीच.

"घागरीचं ठीक आहे, चुकलं माझं. पण तिसरा अंक लांबला? कुठे लांबला? दाखव ना!"

"शेवटचा पंचायतीचा प्रसंग."

"पंचायत? अगं, तीच तर हवी! तुला नाटकातलं कळतं काय?"

मीही सोडते की काय! दुपारभर तिच्या मामींच्या स्वयंपाकघरात आम्ही कचाकचा भांडलो. मामींनी पोहे दिले, ते गार झाले. शेवटी तिने तणतणत संहिता ओढली, पेन्सिल घेतली आणि मला म्हणाली, "चूप बैस आता, मला लिहू दे."

पंचायत निम्मी झाली. लांबलीच होती ती.