धाकट्याची तिजोरी

घरातल्या पासवर्डांचा कारभार दादाकडे होता. दादा एका कारखान्याच्या कार्यालयात सर्व्हर सांभाळायचा, आणि जगात दोनच प्रकारची माणसं असतात असं त्याचं मत होतं: ज्यांना कळतं ती, आणि त्याचे नातेवाईक. 'दुसऱ्याच्या कंपनीवर भरवसा ठेवून पासवर्ड ठेवता? मग दाराच्या किल्ल्याही शेजाऱ्याला देऊन टाका की!' असं तो जेवायला बसलेल्या माणसाला ऐकवायचा. शेवटी त्याने चपलांच्या कपाटावर एक छोटा कंप्युटर ठेवला, त्यावर पासवर्ड मॅनेजर बसवला आणि प्रत्येकाला एकेक कुलूपबंद तिजोरी दिली. तिजोरी ज्याच्या त्याच्या मास्टर पासवर्डनेच उघडायची. ती दादालाही उघडता येत नसे, आणि याचा त्याला फार अभिमान होता.

धाकटा भाऊ ध्वनिमुद्रक. सिनेमावाल्यांसाठी पावसाचे, पावलांचे, गर्दीचे आवाज टिपायचा. बायको गेली तेव्हा मुलगी जेमतेम चालायला लागली होती. आजारपणात बायकोने मुलीसाठी बोलून ठेवलं होतं: गोष्टी, रागे भरणं, वेणी कशी घालायची ते, मोठी झालीस की काय काय सांगायचं होतं ते. ती सगळी ध्वनिमुद्रणं एका डिस्कवर होती. धाकट्याला ती ऐकवत नसत, म्हणून डिस्क कपाटात पडून होती.

"चोरीला गेली तर? तुझ्या बायकोचा आवाज कुणाच्याही हातात?" दादाने त्याला झापलं. मग स्वतः बसून डिस्क कुलूपबंद करून दिली. तिचा पासवर्ड मॅनेजरनेच बनवला, लांबलचक, कुणाच्या बापाला पाठ होणार नाही असा. "कुठे लिहून ठेवायचा नाही. लॅपटॉपवरही नको. फोनवरच्या तिजोरीत आहे, बास."

"आणि तुझा तो डबा बंद पडला तर?" धाकट्याने विचारलं.

"रोज पहाटे बॅकअप होतो. वेगळ्या डिस्कवर."

"तो परत आणून बघितलायस का कधी? आम्ही रेकॉर्डिंग वाजवून बघितल्याशिवाय सामान आवरत नाही."

दादा खो खो हसला. "रोज सकाळी फोनवर 'बॅकअप यशस्वी' असा निरोप येतो, राजा. तू आपला पाऊस रेकॉर्ड कर."

निरोप खरंच येत होता. फक्त मध्यंतरी दादाने बॅकअपची डिस्क बदलून मोठी आणली होती. जुनी पुसून ऑफिसातल्या कुणाला देऊन टाकली. नवी जोडली, पण तिची ओळख सर्व्हरच्या सेटिंगमध्ये घालायची राहिली. सर्व्हर जुनीच डिस्क शोधत राहिला, सापडली नाही म्हणून मुकाट्याने पुढे गेला, आणि बॅकअप त्याच नावाच्या एका रिकाम्या फोल्डरमध्ये टाकू लागला. ते फोल्डर सर्व्हरच्या स्वतःच्याच डिस्कवर होतं. म्हणजे किल्ली हरवेल म्हणून दुसरी किल्ली करावी आणि दोन्ही एकाच खिशात ठेवाव्यात, तसला हा शहाणपणा. एकदा जरी त्याने बॅकअप परत आणून बघितला असता तरी हे कळलं असतं. पण बघेल तो दादा कसला!

एका रविवारी सर्व्हरची डिस्क मेली. दादा चहा पीत होता, तेवढ्यात धाकट्याचा फोन आला.

"दादा, अॅप सर्व्हर सापडत नाही म्हणतंय. पोरगी आईचा आवाज ऐकायचा म्हणून हट्ट धरून बसलीय. आज ऐकवतोच म्हटलं."

"आत जाता येतंय ना?"

"हो, जुनं सगळं दिसतंय. फक्त वर लाल अक्षरात काहीतरी आलंय."

इथे क्षणभर थांबून विचार करायला हवा होता. अॅप प्रत्येकाच्या फोनवर तिजोरीची एक कुलूपबंद प्रत ठेवतं. सर्व्हर मेला तरी ती उघडते, तिच्यातलं सगळं बाहेर काढून घेता येतं. हे दादाला पाठ होतं. पण ऑफिसात दिवसभर लोकांना जे सांगायचं तेच तोंडातून गेलं.

"लॉगआउट कर आणि परत लॉगइन कर. होईल सुरळीत."

धाकट्याने लगेच केलं. मोठ्या भावाचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नव्हता. लॉगआउट केलं की अॅप फोनवरची प्रत पुसून टाकतं.

"आता आतच जाता येत नाहीये, दादा."

दादा उठून चपलांच्या कपाटापाशी गेला. कंप्युटर चालू होईना. मग त्याने बॅकअपची डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली. ती दुकानातून आणली तशी कोरी होती.

मेलेली डिस्क घेऊन तो दोन दुकानं फिरला. दोन्ही दुकानदारांनी नकारार्थी मान हलवली.

दादाचं स्वतःचं काहीच गेलं नाही, हे सांगायलाच हवं. त्याच्या लॅपटॉपवर त्याची प्रत शाबूत होती. बायकोला त्याने तोच लॉगआउटचा हुकूम सोडला होता, पण तिने "नंतर बघते" म्हणून पोळ्या लाटायला घेतल्या, म्हणून तिचीही वाचली. दोन्ही तिजोऱ्यांतला माल काढून त्याने नवा सर्व्हर त्याच पत्त्यावर उभा केला. सगळं जसंच्या तसं दिसत होतं. फक्त धाकट्याचं खातं तिथे नव्हतं, आणि नसलेल्या खात्यात शिरायला गेलं की अॅप एवढंच म्हणतं: नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे.

धाकट्याचा फोन आला. "चुकीचा आहे म्हणतंय."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. दादाने तोंड उघडलं, आणि भलतंच बाहेर पडलं.

"मग तू विसरला असशील."

"नाही रे, रोज तर टाकतो..."

"रोज बोटाने उघडतोस. पासवर्ड शेवटचा कधी टाकलास? सर्व्हर ठणठणीत आहे. सगळ्यांचं चालू आहे, विचार तुझ्या वहिनीला. आणि मास्टर पासवर्ड गेला की मीसुद्धा काही करू शकत नाही. तेव्हाच सांगितलं होतं."

मग धाकटा म्हणाला, "सॉरी, दादा. तुला उगाच त्रास."

रात्री बायकोने विचारलं, "माझं चालू आहे, तुमचं चालू आहे. मग भावजींचंच कसं गेलं?"

"विसरला तो. डोकं ठिकाणावर असतं का त्याचं?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि दिवा मालवला.

आता धाकटा दर रविवारी मुलीला घेऊन येतो. दादाच्याच टेबलावर बसून, आठवेल ते टाकून बघतो. त्याला त्याचा जुना पासवर्ड तंतोतंत आठवतो. पहिल्यांदा तोच टाकतो आणि तो चुकीचा ठरला की स्वतःवरच संशय घेऊन दुसरे शोधत बसतो. लग्नाची तारीख, बायकोचं माहेरचं नाव, मुलीचं लाडाचं नाव. दादा चहा आणून ठेवतो. "घाई करू नकोस. शांतपणे आठव," म्हणतो.

परवा मुलगी बापाच्या मांडीवरून उतरली. दाराशी जाऊन उभी राहिली.

"तू आईला विसरलास," ती म्हणाली.

धाकट्याने नाही म्हटलं नाही. तो खाली मान घालून टाइप करत राहिला. दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"लहान आहे ती," दादा म्हणाला. "मी समजावतो तिला."