‘सय्याद’च्या एक पान आधी

मित्रांनो, मी एक जुना उर्दू-मराठी शब्दकोश आहे. पुठ्ठा सुटलेला, कोपरे बोटांनी झिजलेले, मधली शिवण उसवलेली. आयुष्यात मी एकही खोटा अर्थ सांगितला नाही, आणि तरीही एकदा मी सख्ख्या बहीणभावात भांडण लावलं. ते अजून माझ्या जिवाला लागून आहे, म्हणून सांगतो.

माझा मालक चष्मे करायचा. दुकानात भिंगं घासताना त्याच्या कानावर सतत गझल असायची. एखादा शब्द अडला की ओल्या हातानेच तो मला उघडायचा आणि मग टोकदार पेन्सिलीने माझ्या समासात बारीक अक्षरात काहीतरी लिहून ठेवायचा. भिंगांची पूड अजूनही माझ्या शिवणीत आहे. त्याचा थोरला मुलगा तिथेच काड्यांचे स्क्रू आवळत बसे, आणि धाकटी गल्ल्याशेजारी चढून पाय हलवत बसे. थोरल्याला गझलेतलं ओ की ठो कळत नसे. धाकटी मात्र प्रश्न विचारून भंडावून सोडायची.

“हे बघ,” तो तिला सांगायचा, “गझलेची एक बाग असते. सगळ्या कवींची मिळून एकच. तिथे फूल म्हणजे प्रिय माणूस आणि बुलबुल म्हणजे त्याच्यावर जीव टाकणारा. सय्याद हा पाखरं धरणारा. तो बुलबुलाला पिंजऱ्यात, म्हणजे क़फ़समध्ये टाकतो. माणसं ठरलेली, जागा ठरलेल्या. नव्या कवीने फक्त आपलं दुःख तिथे नेऊन ठेवायचं.”

“मग सय्याद खरा कोण?”

“ज्याचं त्याचं दुःख ठरवतं. कधी नशीब, कधी काळ. शेजारचा माणूस मात्र नव्हे हं!”

मला हे ऐकताना स्वप्नात असल्यासारखं वाटायचं. कारण माझ्यात ती बाग विस्कटलेली आहे. मी पडलो अक्षरांचा गुलाम. ‘क़फ़स’ माझ्या आरंभी, ‘गुल’ थोडा पुढे, ‘बुलबुल’ कुठच्या कुठे, आणि ‘सबा’ हा बागेतला वारा थेट शेवटाकडे. एकमेकांवाचून ज्यांचं पान हलू नये, त्यांच्यात मी शेकडो पानं घातली आहेत. पण दुपारी दुकान पेंगायला लागलं, पंख्याच्या वाऱ्याने माझी पानं सळसळली, की मला वाटे, हे सगळे उठून एकमेकांकडे निघाले आहेत. बुलबुल गुलाच्या पानावर जाऊन बसला आहे. सय्याद जाळं खांद्यावर टाकून हळूच चालला आहे. मग गिऱ्हाईक यायचं आणि मला खाटकन मिटलं जायचं.

धाकटी शिकली आणि लांबच्या शहरात एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली. निघायच्या दिवशी मालकाने मला शेवटचं उघडलं, एका ठिकाणी काहीतरी लिहिलं आणि मला तिच्या पिशवीत घातलं. ‘तुझ्याकडे राहू दे,’ एवढंच म्हणाला.

पहिल्या वर्षी ती चार-चार पानी पत्रं लिहायची. खिडकीतून काय दिसतं, घरमालकीण कशी घोरते, सगळं. मग कामाचा रगाडा वाढला. पत्रांचे फोन झाले, फोनची दोन मिनिटं झाली. तिकडे मालकाचे पाय गेले. थोरला, म्हणजे तिचा दादा, दुकान सांभाळून त्याला उठवायचा, न्हाऊ घालायचा. मी इकडे फडताळात, इस्त्रीच्या कपड्यांखाली दबून पडलो होतो.

एक दिवस मालकाचं पत्र आलं. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. फक्त एक शेर:

गिला सय्याद से क्या हो, कि पर ही अब नहीं बाक़ी
क़फ़स में हूँ, सबा, आ कर चमन की कुछ ख़बर दे जा

धाकटीने मला ओढून काढलं. बाग तिला नीट आठवत नव्हती; इतक्या वर्षांत ती धूसर झाली होती. तिने भराभर कठीण शब्द काढले. गिला: तक्रार. पर: पंख. क़फ़स: पिंजरा. चमन: बाग. सय्याद: पाखरं पकडणारा, शिकारी. सबा म्हणजे वारा, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तो शब्द तिने पाहिलाच नाही. ‘सय्याद’च्या फक्त एक पान आधी तो होता! मी पान सुटावं म्हणून तळमळलो, पण कागदाच्या हातात काय असतं?

तिने तिथल्या तिथे दादाला फोन लावला.

“बाबांना कोंडून ठेवलंयस का रे? पंख छाटलेस म्हणतायत ते! तक्रार करायचीसुद्धा सोय नाही त्यांना!”

 दादा म्हणाला, “मी कोंडलंय? ये आणि घेऊन जा त्यांना.” आणि त्याने फोन ठेवला.

तिने रजा टाकली. बाबांना कायमचं घेऊन यायचं ठरवलं आणि मला पुरावा म्हणून पिशवीत भरलं. सबंध प्रवासभर मला लाज वाटत होती.

मालक खिडकीपाशी आरामखुर्चीत होता. स्वच्छ सदरा, पायांवर पांघरूण, हाताशी पाणी. दादा वाटीतलं कोमट तेल त्याच्या पोटऱ्यांना चोळत होता. बहिणीला पाहून त्याने मान वर केली नाही.

“बाबा, चला माझ्याबरोबर,” धाकटी म्हणाली आणि तिने शेर म्हणून दाखवला. अर्थही सांगितला, माझ्या साक्षीने.

मालक आधी हसला. मग त्याने दादाकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

“अगं, काय केलंस हे? पंख छाटले असं कुठे आहे त्यात? पंखच उरले नाहीत, मग सय्यादशी काय भांडू? सय्याद म्हणजे काळ. क़फ़स म्हणजे हे माझं शरीर. पहिल्या ओळीत तक्रार मोडीत काढली आहे मी. मागणं दुसऱ्या ओळीत आहे. सबा काढलास?”

“वारा ना?”

“काढ.”

तिने एक पान मागे उलटलं. ‘सबा: पहाटेची मंद झुळूक.’ आणि शेजारी पेन्सिलीने, तिच्या निघायच्या दिवशी लिहिलेलं: ‘पिंजऱ्यातल्या बुलबुलाला बाग दिसत नाही. ही फुलांवरून येते आणि खबर सांगते. आमच्या घरी हे काम धाकटीचं.’

तिला रडू आवरेना. “पत्र लिही, एवढंच म्हणायचं होतं तुम्हाला!”

“भीक काय मागायची पत्रांची? म्हणून बागेतून सांगून पाहिलं,” मालक म्हणाला.

तिने दादाच्या हातातली वाटी घेतली. “चुकले रे दादा.” तो भिंतीकडे पाहत म्हणाला, “डावा पाय दुखतो त्यांचा. हळू चोळ.” मग ती तेल चोळत राहिली आणि तिच्या शहराच्या गोष्टी सांगत राहिली. घरमालकीण अजून घोरते म्हटल्यावर दादालाही हसू फुटलं.

मालकाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत त्याला दर आठवड्याला पत्र मिळालं. ‘सय्याद’पुढच्या समासात आता धाकटीचं अक्षर आहे: ‘काळ. दादा नव्हे!’

मित्रांनो, मला जरूर वापरा, पण एवढ्यातच मला मिटू नका. मी एकेकट्या शब्दाचा अर्थ सांगतो. तो कोणाच्या सोबतीने राहतो, हे तुम्हीच विचारायचं असतं. आणि सोपा वाटलेला शब्दही एकदा उघडून पाहा.

माझ्या ‘सबा’च्या पानात हल्ली एक पोस्टकार्ड असतं. मागच्या वर्षी धाकटीचं, आता दादाला जाणारं, पत्र तीन आठवडे गेलं नव्हतं, तेव्हा आलेलं. गझलेतलं ओ की ठो न कळणाऱ्या दादाने त्यावर एकच ओळ लिहिली आहे: ‘काय गं सबा, खबर नाही ती?’