एक दशांश सेकंद

शरयूला सायकलवाले मुळातच आवडत नसत. पाय गुळगुळीत भादरलेले, बोलणं उद्धट, आणि पंक्चर झालं तरी चूक दुसऱ्याची. या जमातीत ती आली ती नवऱ्यामुळे. श्रीरंगने कोलेस्टेरॉलच्या धास्तीने महागडी सायकल घेतली, फ्रीमाँटच्या क्लबात नाव घातलं आणि सहा महिन्यांत गुडघ्याचं निमित्त काढून सोफ्यावर परतला. शरयू मात्र फिनिश लाइनवर राहिली. कम्युनिटी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवणाऱ्या बाईला कुणी हौसेने वेळा मोजायला बोलावलं, की तिला नाही म्हणवत नाही. गेली चार वर्षं ती क्लबच्या वार्षिक शर्यतीची मुख्य टाइमकीपर होती.

शर्यत चार दिवसांची. गुरुवारी संध्याकाळी छोटी टाइम ट्रायल, म्हणजे एकेकाला वेगळं सोडून त्याची वेळ घ्यायची. शुक्रवारी टेकड्यांतला लांब टप्पा. शनिवारी पुन्हा टाइम ट्रायल, या वेळी मोठी. रविवारी गावातल्या रस्त्यांवर फेऱ्या. सगळ्या टप्प्यांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजेता.

एकोणीसशे शहाऐंशीच्या त्या शर्यतीचा डायरेक्टर विवेक होता. पुण्याचा इंजिनिअर, सॅन होजेत नोकरी, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायची सवय. त्याने घरचा कॉम्प्युटर आणि कर्कश प्रिंटर ट्रेलरमध्ये आणून ठेवले होते.

"शरयू, यंदा तू फक्त वेळा घे. बेरीज मशीन करेल," तो म्हणाला होता. "हाताने टोटल मारायचे दिवस गेले, यार."

"प्रोग्रॅम कुणी लिहिला?"

"मी. एका वीकएंडला."

एका वीकएंडला लिहिलेल्या गोष्टींबद्दल शरयूचं मत ठाम होतं, पण ते विवेकला सांगून फुकट घालवायची तिची इच्छा नव्हती.

रविवारी शेवटच्या टप्प्याआधी आघाडीवाल्याची पिवळी जर्सी डॅनी वॉर्डकडे होती. डॅनी हा स्थानिक मुलगा, सुतारकाम करणारा, हसरा. चारही दिवस तो शर्यतीआधी शरयूसाठी कॉफी आणायचा आणि तिचं नाव जवळजवळ बरोबर उच्चारायचा. त्याच्या मागोमाग होता क्रेग हॉल्ट. या क्रेगला पाहिलं की शरयूच्या कपाळाला आठी पडे. गुरुवारी त्याने रिकामी बाटली तिच्या टेबलावर फेकली होती आणि म्हणाला होता, "लेडी, घड्याळाकडे बघ, माझ्याकडे नको." जणू त्याच्याकडे बघण्यासारखं काही होतं!

शेवटच्या फेरीत सगळा घोळका एकदम आला. नियमाप्रमाणे एका घोळक्यात आलेल्या सगळ्यांना एकच वेळ मिळते. फक्त पहिल्या तिघांना बक्षीस म्हणून दहा, सहा आणि चार सेकंद वजा करून मिळतात. क्रेग तिसरा आला. डॅनी घोळक्याच्या मधोमध, कोपरं फाकवून, सुरक्षित.

ट्रेलरमध्ये प्रिंटर किंचाळला. विवेक कागद फडकवत बाहेर आला.

"डॅनी जिंकला! एका सेकंदाने!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्रेगच्या मॅनेजरने फळ्यावर डकवलेला कागद वाचला, शिवी हासडली आणि व्हॅनकडे निघून गेला. हरकत घ्यायला पंधरा मिनिटांची मुदत होती. त्याने साधी बेरीजसुद्धा करून पाहिली नाही. पोरांना ओरडण्याचा पगार घेतो आणि साठपर्यंत मोजता येत नाही, असं शरयूला वाटलं.

पण एका सेकंदाचा फरक तिला बोचला. चार दिवसांच्या शर्यतीत एक सेकंद म्हणजे तपासलंच पाहिजे. ती खुर्चीत बसली आणि स्वतःच्या वेळा काढल्या.

शुक्रवारी दोघं एकाच घोळक्यात, फरक शून्य. आजही तेच. उरल्या दोन टाइम ट्रायल. गुरुवारी डॅनी पाच मिनिटं एक्केचाळीस सेकंद आणि चार दशांश, क्रेग पाच बेचाळीस आणि सहा दशांश. शनिवारी डॅनी अडतीस मिनिटं सोळा सेकंद आणि चार दशांश, क्रेग अडतीस एकोणीस आणि एक दशांश.

नियम असा होता, की बेरजेत पूर्ण सेकंदच धरायचे, दशांश सोडून द्यायचे. म्हणजे क्रेग गुरुवारी एक सेकंद मागे, शनिवारी तीन. एकूण चार. आज त्याला चार सेकंद वजा मिळाले. दोघं बरोबरीत!

मग मशीनला एक सेकंद कुठून मिळाला? विवेकच्या प्रोग्रॅमने प्रत्येक वेळ जवळच्या पूर्ण सेकंदावर नेली होती. क्रेगचे बेचाळीस आणि सहा दशांश त्याने त्रेचाळीस केले, डॅनीचे चार दशांश पुसून टाकले.

आणि बरोबरी झाली, की टाइम ट्रायलचे सोडलेले दशांश परत मोजायचे. डॅनीचे चार आणि चार, आठ. क्रेगचे सहा आणि एक, सात.

क्रेग जिंकला होता. एका दशांशाने.

शरयूने पुन्हा बेरीज केली. उत्तर तेच. बाहेर डॅनी आपल्या आईला मिठी मारत होता, आणि क्रेग फुटपाथच्या कर्बवर बसून कुणा स्वयंसेवकाला पाणी उशिरा आणल्याबद्दल झापत होता. कुणी विचारणार नव्हतं. मुदतीची सहा-सात मिनिटं उरली होती. नुसतं बसून राहिलं असतं तरी भागलं असतं, आणि बसून राहावं असं तिला मनापासून वाटलंही. त्या मस्तवाल माणसाच्या गळ्यात आपल्या हाताने माळ घालायची?

मग तिला स्वतःचीच किळस आली. कॉफीच्या चार कपांत आपण विकत मिळतो तर!

ती ट्रेलरमध्ये गेली. "विवेक, रिझल्ट चुकलाय. तू राउंड केलंस."

"मग? राउंड तर करावंच लागतं ना!"

"नाही. दशांश सोडायचे. रूलबुक वाचलंस का?"

त्याने तिची आकडेमोड पाहिली. कान लाल झाले. "अगं, पण प्रोटेस्ट कुणीच केला नाही. एक दशांश म्हणजे पापणीची उघडझाप. कुणाला कळणारे? आणि डॅनी लोकल आहे, फोटोसुद्धा काढून झाले."

"मला कळलंय. मुख्य टाइमकीपर मी आहे. तू नवा निकाल लावत नसशील तर मी लावते."

विवेक माईकवर गेला. "आपल्या कॉम्प्युटरने पुन्हा तपासणी केली असता," त्याने घसा खाकरून सुरुवात केली. शरयूने त्याच्याकडे असं बघितलं, की माईकवर त्याचा आवाज मध्येच चिरकला. पण वाक्य त्याने तसंच पुरं केलं.

जमलेल्यांत गलका झाला. क्रेग कर्बवरून उठला. आभार वगैरे त्याला कुणी शिकवलेच नव्हते. "मला माहीतच होतं," एवढं म्हणून त्याने जर्सीसाठी हात पुढे केला. त्याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

डॅनी मात्र टेबलापाशी आला. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"कुणी मागितलं नव्हतं," तो म्हणाला.

"बेरीज चुकली होती, डॅनी."

"तुम्ही लोक ना!" तो म्हणाला. "इथे येता आणि आमच्या शर्यतींत आकडे उकरत बसता." त्याची आई दोन पावलांवर उभी होती.

क्रेगचा उद्धटपणा निदान पहिल्या दिवसापासून उघडा होता. हा तर चार दिवस हसत होता. पिवळी जर्सी अंगावर असेपर्यंतचं हसू!

"तीन पूर्णांक नऊ दशांश सेकंदांनी तू पुढे होतास," शरयू शांतपणे म्हणाली. "त्याने शेवटी चार मिळवले. तू घोळक्यात लपून राहिलास. स्प्रिंट मारली असतीस तर मी आज तुझंच नाव लिहिलं असतं."

डॅनी निघून गेला. बक्षीस समारंभ सुरू झाला, तेव्हा ती घड्याळं पुसून पेटीत ठेवत होती. क्रेगचा मॅनेजर धावत आला आणि नवीन निकालात आपल्या रायडरचं स्पेलिंग चुकलंय म्हणून तक्रार करू लागला.

"ते मशीनने केलंय," शरयू म्हणाली. तिने पेन काढलं आणि स्पेलिंग दुरुस्त करून दिलं.