पेटीवरचं हिरवं पान

त्या बाल्कनीत ऊन यायचं ते उपकार केल्यासारखं. सकाळी इमारतीचीच सावली, भर दुपारी वरच्या बाल्कनीचा स्लॅब आडवा, आणि चार वाजून गेले की सूर्य समोरच्या इमारतीमागे गडप. मधल्या तेवढ्या वेळात जे काय पदरात पडेल ते पाडून घ्यायचं. धाकटी सून ते कसब शिकली होती. घडीचं सोलर पॅनेल ती कठड्याच्या बाहेरून दोरीने बांधायची आणि खालच्या कडेला फरशी पुसायच्या काठीचा टेकू देऊन जरा तिरकं करायची. कठड्याच्या आत ठेवून चालत नव्हतं. चारपैकी एका घडीवर नुसत्या गजाची सावली पडली, तरी उरलेल्या तीन घड्याही अंग काढून घ्यायच्या आणि पेटीवरचा येणाऱ्या विजेचा आकडा शंभर वॉटवरून वीस-पंचवीसवर यायचा.

पेटी म्हणजे पॉवर स्टेशन, वीज साठवणारी मोठी बॅटरी. दुकानदाराने नाव तेच सांगितलं होतं, पण घरात तिला सगळे पेटीच म्हणायचे. बाल्कनीतलं ऊन पेटीत भरायचं आणि पेटीवर सासूबाईंचा पंप चालवायचा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. पाठीच्या खाली, माकडहाडापाशी जखम झाली होती. त्यांच्याखाली हवेची गादी घातली होती. तिचे पट्टे आळीपाळीने फुगायचे आणि बसायचे, म्हणजे एकाच जागी भार राहत नसे. गादीचा पंप खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला, चपलांच्या खोक्याएवढा, मांजरासारखा घुरघुरणारा. त्याला वीज लागायची ती अगदीच किरकोळ, एका छोट्या दिव्याएवढी. पण ती सतत लागायची.

आणि इमारतीची केबल जळली होती. वीज मंडळाची माणसं रस्ता खणून, खड्ड्यात डोकावून, पुन्हा निघून गेली होती. दिवसभर अंधार, आणि रात्री कुठून तरी जोडून दिलेली वीज इतकी मरगळलेली, की दिवा पिवळा पडायचा. पंप तिच्यावर कसाबसा चालायचा, पेटी मात्र ती वीज घ्यायचीच नाही. म्हणजे दिवसाची भिस्त उन्हावर. आणि ऊन होतं गच्चीवर.

गच्ची थोरल्या दिरांची होती. सगळ्यात वरचा मजला त्यांनी गच्चीच्या हक्कासकट घेतला होता, किल्ली त्यांच्या दारामागच्या खिळ्याला. वर गुलाबाच्या कुंड्या होत्या आणि एक झोपाळा होता. त्यावर दिवसभर कुणी बसत नसे, कारण ऊन फार लागतं, असं जाऊबाईंचं म्हणणं.

धाकटी वर जाऊन विचारून आली होती. गरजवंताला मान नसतो हे माहीत असूनही गेली.

"भाऊजी, सकाळी ग्रंथालयात कामावर जाताना पॅनेल आणि पेटी ठेवीन, आल्यावर घेऊन जाईन. खिळा नाही, स्क्रू नाही. नुसतं जमिनीवर उघडून ठेवायचं."

"अगं, प्रश्न खिळ्याचा नाही," थोरले म्हणाले. ते निवृत्त बँक अधिकारी, 'नाही' हा शब्द न वापरता नाही म्हणायची त्यांना जन्माची सवय. "आज तू पॅनेल ठेवशील, उद्या पहिल्या मजल्यावरचे टाकी आणतील. एकदा पायंडा पडला की पडला. शिवाय तुमच्या बाल्कनीत येतं की ऊन."

"अर्धी पेटीसुद्धा भरत नाही त्यात."

"मग बेताने वापरा. काटकसरीने काय होत नाही?"

ती खाली आली ती धुसफुसतच. सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि विषय संपवला. "त्याला नको त्रास देऊस, पोरी. त्याचा स्वभावच तसा. मनाने वाईट नाही तो." पाठ सोलून निघाली होती, पण थोरल्याला बोल लागलेला त्यांना खपत नसे. त्यांचं करायचं धाकटीने आणि कौतुक वरच्या मजल्याचं, हा त्या घरातला जुनाच रिवाज होता. नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. तो बस डेपोत मेकॅनिक, चाळीस बसगाड्यांना वठणीवर आणायचा आणि भावासमोर गाय व्हायचा.

तरी त्यांचं बरं चाललं होतं. दुपारच्या उन्हावर पेटी जेमतेम सावरायची, दिवसभर पंप चालायचा, आणि जखम भरत होती. ड्रेसिंगला येणारी नर्स एक दिवस म्हणाली, "कडा गुलाबी झाल्यात. असंच राहिलं तर महिन्याभरात बुजेल." त्या संध्याकाळी धाकटी कितीतरी दिवसांनी गुणगुणत भांडी घासत होती.

मग थोरल्यांनी गच्चीवर बँकेतल्या जुन्या सोबत्यांना बोलावलं. वीज नाही, आणि पाहुणे तर येऊन ठेपणार. थोरले स्वतः खाली आले. असे ते आईला बघायलाही फारसे येत नसत.

"एका संध्याकाळपुरती पेटी दे. माळेचे दिवे आणि छोटा स्पीकर, एवढंच."

धाकटीच्या जिभेवर पुष्कळ काही आलं होतं. पण आतून सासूबाईंचा आवाज आला, "दे गं. त्याची चारचौघांत शोभा नको व्हायला." आणि नवरा तोपर्यंत पेटी उचलून दारापर्यंत पोचलासुद्धा होता.

"जपून वापरा," ती एवढंच म्हणाली. "ऊन पुरत नाही आम्हाला."

दुसऱ्या दिवशी पेटी परत आली. थोरल्यांनी ती स्वतः आणून ठेवली आणि खुशीत सांगितलं, "बघ, अर्ध्याच्या वर शिल्लक आहे. तुम्हाला वापरताच येत नाही ही. आत बचतीची सोय आहे, ती मी चालू करून ठेवलीय." पडद्याच्या कोपऱ्यात एक इवलंसं हिरवं पान उगवलं होतं. धाकटीने ते पाहिलं. तिला वाटलं, वाईट काय आहे त्यात? दोन दिवस ऊन चांगलं पडलं, पंपाबरोबर सासूबाईंसाठी छोटा पंखाही पेटीवर चालला, तरी पेटी कधी नव्हे ती ऐंशी टक्क्यांपर्यंत भरली, आणि तिने मनातल्या मनात दिरांना दुवासुद्धा दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पंखा काढून ठेवला, रोजच्यासारखा नुसता पंप पेटीला जोडला, बटण दाबलं, घुरघुर ऐकली, सासूबाईंच्या हाताशी फोन आणि पाणी ठेवलं आणि ती कामावर गेली.

परत आली तेव्हा घरात आवाज नव्हता. कुलूप काढतानाच तिला ते जाणवलं. खाटेवरची गादी चपटी झाली होती. सासूबाई फळ्यांवर पडून होत्या, डोळे छताला लावलेले, ओठ आवळलेले. धाकटीने धावत जाऊन पेटीचं बटण दाबलं. पडदा उजळला: ब्याण्णव टक्के. पेटी जवळजवळ भरलेली होती. आणि पंपाकडे जाणारी वीज बंद होती.

तिने ती पुन्हा चालू केली. पंप घुरघुरला. गादी हळूहळू वर आली, आणि तिच्यावर पसरलेल्या चादरीवर जखमेतून झिरपलेला ओला डाग दिसला.

"फोन का नाही केलात, आई?"

"केला होता. मोठ्याला. तू कामावर, तुला कशाला..." त्यांना धाप लागली. "आला होता तो, किल्ली असतेच त्याच्याकडे. पेटीवर आकडा बघितला. म्हणाला, भरलेली आहे, काळजी करू नकोस. मग गेला."

गादीवर हातही ठेवून पाहिला नव्हता त्याने. आकडा पाहिला आणि गेला. जन्मभर त्याने तेच केलं होतं.

धाकटीने कंपनीच्या नंबरावर फोन लावला. तिकडची मुलगी पाठ केल्यासारखं बोलली, पण नीट बोलली. बचत चालू असली की पेटी बघते, किती वीज ओढली जातेय. ओढ फारच कमी असेल, तर तिला वाटतं काही जोडलेलंच नाही. मग थोड्या वेळाने ती आपोआप बंद होते. "तुमचा पंप फार कमी खातो, मॅडम. अशा वस्तूंसाठी ते पान बंद ठेवायचं." गच्चीवर माळा आणि स्पीकर मिळून ओढ भरपूर होती, म्हणून तिथे काही बिघडलं नव्हतं. धाकटीने पान घालवलं. मग ती पेटीसमोर बसून रडली, रागाने.

"त्याला सांगू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "त्याने चांगल्यासाठीच केलं. माझी शपथ आहे."

जखम पुन्हा उघडली, आणि या वेळी आत गेली. मग ताप, मग हॉस्पिटल. तिथेही सासूबाई कुणाला हाक मारत नसत; नर्स कामात आहेत, म्हणायच्या. शेवटच्या दिवशी त्यांनी धाकटीचा हात धरला आणि विचारलं, "मोठा जेवला का?"

तेरावा दिवस सरला. थोरल्यांनी नातेवाइकांच्या देखत गच्चीची किल्ली धाकटीच्या हातात ठेवली. "घे. आता हवं तेव्हा पॅनेल लाव. आईची इच्छा होती." लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

एका सकाळी ती पॅनेल घेऊन वर गेलीच. कुंड्यांच्या मधे ते उघडून ठेवलं, वायर जोडली. येणाऱ्या विजेचा आकडा चढत गेला, एकशे साठ वॉटच्याही पुढे. बाल्कनीत तो कधीच तिथवर पोचला नव्हता. जेवणवेळेपर्यंत पेटी काठोकाठ भरली. हे सगळं ऊन इथेच पडत होतं, रोज, रिकाम्या झोपाळ्यावर. तिला त्या झोपाळ्याच्या कड्या उपटून फेकाव्याशा वाटल्या. खाली पेटीला जोडायला आता काहीच नव्हतं.

केबल अजून तशीच होती. थोरल्यांनी पेटी मागून घेतली, झोपाळ्यावरच्या एका छोट्या दिव्यासाठी. नाही तरी ती पडूनच होती. आठवड्याभरात ते तक्रार घेऊन आले. धाकटी खाटेवरच्या गादीची घडी घालत होती. नवरा खुर्चीत बसला होता.

"बिघडलीय तुमची पेटी," थोरले म्हणाले. "भरलेली दाखवते, आणि दिवा मधेच जातो. मी बचतसुद्धा चालू केली होती."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती. तिने ती पाहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा बाजूला सारली.

"बिघडलेली नाही, भाऊजी. बचत चालू असली की तिला थोडं खाणारं दिसतच नाही. तिला वाटतं, कुणीच नाहीये. मग ती बंद होते."

"असं होय? मग आधी सांगायचं ना."

"आईंनी शपथ घातली होती. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून."

थोरले हसले, काही न कळल्यासारखे. "दिव्याचं?"

"पंपाचं," ती म्हणाली.

त्यांची नजर खाटेच्या पायथ्याशी गेली. पंप अजून तिथेच अडकवलेला होता. ते त्याच्याकडे बघत उभे राहिले, आणि त्यांना बसा म्हणून कुणीच म्हटलं नाही.