विहिरीकडच्या ओळी

दुकानदार म्हणाला, "व्हायरस हाय. उपटा आन जाळा, न्हाईतर सगळं रान जाईल." मी ऐकलं. डोकं गहाण टाकलेलं माझं!

ही टोमॅटो माझ्या हट्टाची. आमचे मालक म्हणत होते, कासारसाईच्या या रानात काय राहिलंय, प्लॉटिंगवाल्याला देऊन टाकू. मी म्हणले, एक पीक घेऊन दावते, मग बोला. ते कबूल झाले. आन तीन आठवड्यांत शेंडे वाकडे! पानं चिंचोळी, शिरा एकीला एक चिकटलेल्या, देठ पिळलेला.

बांधापलीकडं कुशाबा भावजींची मिरची मुरडलेली. मी म्हणले, तिथूनच आलं. भांडले, नको ते बोलले आन बांधाकडनंच उपटायला लागले. चार दिवसांत आठ ओळी आडव्या.

पाचव्या दिवशी कृषी सहायक वाल्मीक साहेब आले. बांधाकडं बघितलंच न्हाई, सरळ विहिरीकडं चालत गेले.

"ताई, फवारणी कुठून सुरू केली होती?"

"हितनंच, विहिरीपासनं."

"बघा, खालची जुनी पानं चांगली, नवी फूट तेवढी वेडीवाकडी. व्हायरस असता तर झाडं इथं एक, तिथं एक गेली असती. इथं ओळीच्या ओळी गेल्यात. पहिल्या पंपाच्या ओळींत सगळ्यात जास्त, पुढं कमी कमी. शेजारच्या रानातून वाऱ्यानं आलं असतं तर बांधाकडं जास्त दिसलं असतं. पंपात आधी काय होतं?"

मी मालकांकडं बघितलं. ते पायानं ढेकूळ फोडत होते.

"बांधाचं गवात मारलं व्हतं," ते म्हणाले. "पण धुतला की मी. दोन पाण्यानं खळाळून."

"नुसत्या पाण्यानं न्हाई निघत ते. नळीत, वायसरात राहतं. तणनाशकाला पंपच वेगळा पाहिजे."

पंप एकच. तण मारायलाबी तोच, औषधालाबी तोच. आमच्याकडं सगळ्यांचं असंच. अन् मी तो पाठीला लावून, हौसेनं, एक एक झाड भिजवलं.

"म्हंजे व्हायरस न्हाईच?"

"न्हाई. ह्या विहिरीकडच्या सात ओळी गेल्या. बाकीची सावरतील."

"आन मी बांधाकडची उपटली ती?"

साहेब उपटलेल्या रोपांच्या ढिगापाशी वाकले. वरचं एक रोप उचललं, शेंडा बोटांत धरून दाखवला आन रोप माझ्या हातात दिलं. वाकड्या पानांच्या मधोमध नखाएवढं एक पान होतं. सरळ, रुंद, हिरवंगार.

माझा संताप कुणावर काढू? दुकानदारावर? मालकांवर? भावजींवर तर काढून झाला होता.

मालक पुढं आले, ते रोप माझ्या हातातून घेतलं आन ढिगावर ठेवलं. प्लॉटिंगचा शब्द काढला न्हाई त्यांनी. म्हणाले, "विहिरीकडच्या मी उपटतो. तू भावजींकडं जा."

मी गेले न्हाई. तितंच बसून ढिगातली रोपं एक एक करून उलटी केली. जवळजवळ सगळ्यांना नवं पान सरळ आलं होतं.