मेदेर मास्तरांची मिशी

नारीन गावच्या मेदेर मास्तरांनी तीस वर्षांची मिशी सकाळी उतरवली आणि बाजारात नान आणायला गेले. नानवाली बुरमा त्यांच्याकडे बघून पोट धरून हसली.

मास्तरांच्या मनात लगेच चक्र सुरू झालं. हिला आपलं बोडकं तोंड दिसलं. म्हणजे हिला आपण सोललेल्या कोंबडीसारखे वाटलो. म्हणजे आपण तसेच आहोत! त्यांचे कान लाल झाले आणि पाठ वाकली. वाटेत कुत्रं टक लावून बघत होतं, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण गावचे अक्साकाल, म्हणजे मानाचे वडीलधारे, समोरून येताना दिसताच मास्तर रुमालात तोंड लपवून गल्लीत पळाले. दोन दिवस शाळेत त्यांनी फळ्याकडे तोंड करूनच शिकवलं.

तिसऱ्या दिवशी मात्र राहवेना. बुरमाला गाठून ते म्हणाले, "परवा एवढं हसायला काय झालं होतं गं?"

"अहो मास्तर, तुमच्या मागे बकरी कसायाची टोपी चघळत होती, आणि तो डोकं चाचपत होता!"

"मग माझी मिशी?"

बुरमाने त्यांना निरखून पाहिलं. "तुम्हाला मिशी होती?"

मास्तरांना हायसं वाटायला हवं होतं. पण घरी येईपर्यंत त्यांनी ठरवूनही टाकलं, की बुरमाच्या लेखी आपण तीस वर्षं अगदीच नगण्य माणूस होतो. बायकोला, आयनाशबाईंना, ते तावातावाने म्हणाले, "आता अशी मिशी ठेवतो, की आंधळ्यालाही दिसेल!"

"ठेवा," बाई म्हणाल्या, "पण आधी नान आणा."